रिकॉल केलेल्या 110 पैकी 100 नॉर्मल, मग स्पेसिफिसिटी कमी का नाही?

प्रश्न: थर्ड एमबीबीएसला आहे, पीएसएमचा डाउट आहे. क्लासमध्ये शिकवलं की केस सुटायला नको असेल तर सेन्सिटिव्हिटी, खोटे अलार्म नको असतील तर स्पेसिफिसिटी. टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न असा होता: '10,000 नवजात बाळांचं टीएसएच स्क्रीनिंग केलं. 110 बाळांना रिकॉल केलं, त्यातली 100 नॉर्मल निघाली. खोटे अलार्म फार येतात अशी पालकांची तक्रार आहे. इथे कोणतं माप कमी आहे?' मी स्पेसिफिसिटी लिहिलं, चूक दिलंय, उत्तर पीपीव्ही आहे. मग स्पेसिफिसिटी नक्की लिहायची कधी? पूर्ण गोंधळलेय.

उत्तर:

तू म्हणते, राग मानू नकोस, माझ्याकडे पोस्टिंगला येणाऱ्या मुलींच्या वयाची दिसतेस. मी बालरोगतज्ज्ञ, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस, आणि आमच्या हॉस्पिटलमधलं नवजात बाळांचं थायरॉइड स्क्रीनिंग बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून जरा हसूच आलं कारण ती पालकांची तक्रार मी दर आठवड्याला फोनवर ऐकते.

तुला शिकवलेला नियम चुकीचा नाही. फक्त तो एका प्रकारच्या प्रश्नाला लागू होतो आणि तू तो दुसऱ्याच प्रकारच्या प्रश्नाला लावलास. एक प्रकार असा की प्रश्न विचारतोय 'काय निवडाल', म्हणजे अशी टेस्ट हवी की एकही केस सुटू नये, किंवा कटऑफ कुठे ठेवाल वगैरे. तिथे तुझा नियम बिनधास्त लाव. दुसरा प्रकार असा की आकडे देऊन विचारतात 'हे जे दिसतंय ते कोणतं माप आहे'. तिथे 'खोटा अलार्म' हा शब्द दिसला म्हणून स्पेसिफिसिटी लिहिलं की फसलीस, कारण खोटे अलार्म दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या तुलनेत मोजता येतात आणि दोन्हींना आपण बोलताना 'खोटे अलार्म जास्त आहेत' असंच म्हणतो.

यावर माझा एक देशी उपाय आहे. प्रश्न इंग्रजीत असला तरी मनातल्या मनात मराठीत करायचा आणि 'पैकी' हा शब्द कुठे येतो ते बघायचं. पैकीच्या आधी जे आहे तो छेद. बस. 'रिकॉल केलेल्या बाळांपैकी नॉर्मल किती', इथे छेदात रिकॉल केलेली बाळं आहेत, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आलेली सगळी, म्हणजे तू पीपीव्हीच्या गावात आहेस. 'नॉर्मल बाळांपैकी किती जणांना उगाच रिकॉल केलं', इथे छेदात नॉर्मल बाळं, हे स्पेसिफिसिटीचं गाव. 'आजार असलेल्या बाळांपैकी किती सुटली', हे सेन्सिटिव्हिटीचं. आणि चौथं जे सगळे विसरतात, 'नॉर्मल म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी किती जणांना आजार होता', ते एनपीव्हीचं. बघ, 'केस सुटली' हा शब्दसुद्धा दोन ठिकाणी बसतो, फक्त 'खोटा अलार्म'च फसवा आहे असं नाही.

आता तुझ्याच आकड्यांवर करू. 10,000 बाळं. जन्मजात हायपोथायरॉइडिझम आपल्याकडे साधारण हजारात एक बाळाला असतो, म्हणजे दहाएक बाळं, आणि रिकॉलमधली 110 वजा 100 दहाच निघाली, हिशोब जुळतो. सध्या धर की आजारी दहाच होती. मग नॉर्मल बाळं 9,990. त्यातल्या 100 जणांना उगाच बोलावलं, 9,890 जणांना बरोबर घरी पाठवलं. स्पेसिफिसिटी म्हणजे 9,890 भागिले 9,990, म्हणजे 99 टक्के! याला कमी कोण म्हणेल? आणि पीपीव्ही म्हणजे 10 भागिले 110, म्हणजे 9 टक्के. तेच 100 खोटे अलार्म, पण 9,990 च्या शेजारी ठेवले तर किरकोळ आणि 110 च्या शेजारी ठेवले तर भयंकर. पालकांची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे कारण आमचा फोन ज्यांना गेला तेच तक्रार करतात, ज्या 9,890 घरी फोन गेलाच नाही ते कशाला येतील सांगायला की वा डॉक्टर तुमची टेस्ट फार स्पेसिफिक आहे.

पण तुझं उत्तर अगदीच वेडगळ होतं असंही नाही. पीपीव्ही एवढा पडला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे स्पेसिफिसिटीत राहिलेला तो एक टक्का, आणि दुसरी म्हणजे आजार दुर्मीळ आहे. एक टक्का ऐकायला छोटा पण तो जवळजवळ दहा हजार बाळांचा एक टक्का आहे, आणि खऱ्या केसेस मुळात दहाच. आता हीच टेस्ट, हाच कटऑफ, पण ज्यांच्यात दर दहात एकाला आजार आहे अशा गटात वापरली तर? 1,000 बाळं धर, 100 आजारी, 900 नॉर्मल, त्यांचा एक टक्का म्हणजे 9 खोटे अलार्म. सगळी आजारी सापडली असं धरलं तर पीपीव्ही 100 भागिले 109, म्हणजे 92 टक्के. टेस्ट तीच, स्पेसिफिसिटी 99 ची 99 च. म्हणून परीक्षेत 'टेस्ट तीच पण दुसऱ्या भागात वापरल्यावर खोटे अलार्म वाढले' असं दिलं की डोळे झाकून स्पेसिफिसिटी लिहू नकोस, आधी प्रिव्हलन्स बदललंय का बघ.

आता एक गोष्ट तुझ्या प्रश्नात नाहीये आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. त्या आकड्यांवरून सेन्सिटिव्हिटी निघते का? मी वर 'धर की आजारी दहाच होती' असं पटकन म्हणून पुढे गेले, तुझ्या लक्षात आलं असेल तर शाबास. आजारी दहाच होती हे आपल्याला कोणी सांगितलं? रिकॉलमध्ये दहा सापडली एवढंच माहिती आहे. समजा अकरावं बाळ होतं ज्याचा टीएसएच कटऑफच्या खाली आला आणि ते घरी गेलं. रिकॉलच्या रजिस्टरमध्ये त्याचं नावच नसणार. खोटे अलार्म आपोआप मोजले जातात कारण ती बाळं परत येतात, तपासली जातात, नॉर्मल निघतात, त्यांची नोंद होते. सुटलेली केस मात्र गप्प असते. ती सहा-आठ महिन्यांनी भलत्याच कारणासाठी ओपीडीत येते, बद्धकोष्ठता आहे, बेंबी बाहेर आलीय, आवाज घोगरा आहे, अजून मान धरत नाही, आणि आई सांगते की डॉक्टर खूप गुणी बाळ आहे हो, रडतच नाही, नुसतं झोपून असतं. हे 'गुणी बाळ' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जन्मल्यावर लगेच बघून हे बाळ बहुतेक वेळा ओळखूच येत नाही, कारण आईचं थायरॉक्सिन थोडंफार नाळेतून पोचलेलं असतं आणि पहिले काही दिवस-आठवडे त्यावर निभावतं. म्हणून तर स्क्रीनिंग. औषध साधं आहे, थायरॉक्सिनची गोळी, रोज किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम, चुरून आईच्या दुधात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं शाळेत जातं. उशीर झाला तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून निघत नाही.

आता 'काय निवडाल' हा प्रश्न या अकराव्या बाळावर लावून बघ. कटऑफ 20 आहे. तो खाली 10 वर आणला तर समजा ते अकरावं सापडतं, पण त्याबरोबर खोटे अलार्म 100 चे 500 होतात (हे आकडे मी समजायला घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत). सेन्सिटिव्हिटी 11 पैकी 10 ची 11 पैकी 11 झाली, म्हणजे 91 वरून 100 टक्के. स्पेसिफिसिटी 99 वरून 95 वर आली. पीपीव्ही 9 वरून 2 टक्क्यांवर, 511 फोन केले तर 11 खरे. करायचं का? एका पारड्यात एका मुलाची आयुष्यभराची बुद्धी, दुसऱ्या पारड्यात 400 जादा आईवडिलांची तीन-चार दिवसांची झोप, एक एसटीचा प्रवास, बाळाच्या हातातून काढलेलं दोन मिली रक्त. परीक्षेत असा प्रश्न आला तर उत्तर सेन्सिटिव्हिटी, कारण आजार गंभीर, उपचार आहे, वेळेत दिला तर पूर्ण फायदा, आणि खोट्या अलार्मची दुरुस्ती स्वस्तात आणि पटकन होते. हे चारही मुद्दे उत्तरात लिही, नुसतं 'केस सुटू नये म्हणून' लिहू नकोस, मार्क त्या कारणांना असतात.

प्रत्यक्षात मात्र मी आमच्याकडे 20 चा 10 केलेला नाही, आणि का ते सांगते कारण पुस्तकात हे कमी असतं. रिकॉल म्हणजे नुसता फोन नाही. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी येते, रजिस्टरमध्ये पत्ता माहेरचा आणि मोबाईल नंबर बहुतेकदा नवऱ्याचा, जो पुण्याला नाहीतर सुरतला कामाला आहे आणि अनोळखी नंबर उचलत नाही. एक रिकॉल पूर्ण व्हायला आमच्या सिस्टरना कधी चार फोन लागतात, कधी आशाताईंना घरी पाठवावं लागतं. महिन्याला आठ-दहा रिकॉल असतील तर हे जीव लावून होतं. तेच चाळीस-पन्नास झाले तर दोन फोन करून 'उचलत नाहीत' असा शेरा पडतो, आणि घरच्यांमध्येही पसरतं की त्या हॉस्पिटलवाले सगळ्यांनाच बोलावतात, काही निघत नाही, जाऊ नका. मग त्या न आलेल्यांमध्ये एखादं खरं बाळ असतं. म्हणजे कागदावर टेस्टची सेन्सिटिव्हिटी 100 टक्के झाली पण आजारी बाळांपैकी प्रत्यक्षात गोळी किती जणांना सुरू झाली हे मोजलं तर ते आधीपेक्षा कमी निघू शकतं. खोटे अलार्म एका मर्यादेपलीकडे गेले की त्यांच्यामुळेच केसेस सुटायला लागतात. हे तुझ्या गावावर, माणसांवर, फोन करणाऱ्या सिस्टरवर अवलंबून आहे, ज्या ठिकाणी फॉलोअपची यंत्रणा मजबूत आहे त्यांनी कटऑफ खाली ठेवला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

बरं, 'सेन्सिटिव्हिटी वाढवली की स्पेसिफिसिटी पडणारच' हेही तुम्ही मुलं फार पक्कं धरून बसता. ते खरं आहे एकाच टेस्टचा फक्त कटऑफ हलवला तर. बाकी गोष्टी हलवल्या तर नाही. टीएसएचचंच बघ. बाळ जन्मलं, बाहेरच्या थंड हवेत आलं की अर्ध्या तासात त्याचा टीएसएच उसळी मारतो, नॉर्मल बाळाचासुद्धा, 60-70 च्या घरात जातो आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू खाली येतो. म्हणून टाचेचं रक्त 48 तासांनंतर, जमलं तर 72 च्या आसपास घ्यायचं. आता आई घाईने घरी जाणार म्हणून कोणी 20 व्या तासाला सॅम्पल घेतलं तर नॉर्मल बाळही 20 च्या वर दिसणार. आमच्याकडे एकदा रिकॉल एकदम वाढले, सगळे म्हणाले किट खराब आलंय, कटऑफ वाढवा. मी फॉर्मवरच्या वेळा काढून बघितल्या तर लवकर डिस्चार्ज होणाऱ्या नॉर्मल डिलिव्हरींची सॅम्पल्स पहिल्याच दिवशी घेतली जात होती, सिझेरियनच्या बाळांमध्ये रिकॉल पूर्वीसारखेच होते कारण त्या आया तशाही चार-पाच दिवस राहतात. तिथे कटऑफ वाढवला असता तर खोटे अलार्म कमी झाले असते खरे, पण त्यासोबत 72 तासांच्या नीट घेतलेल्या सॅम्पलमधलं 25 टीएसएचचं खरं बाळही सुटलं असतं. आम्ही वेळ सुधारली. खोटे अलार्म खाली आले आणि एकही खरी केस त्यासाठी सोडावी लागली नाही. तर खोटे अलार्म वाढले की पहिला हात कटऑफला लावायचा नाही.

उलट्या दिशेची एक फजिती पण सांगते, ही जास्त धोक्याची होती. आम्ही लॅब बदलली. नव्या लॅबकडून रिपोर्ट यायला लागले आणि रिकॉल जवळपास बंदच झाले. सगळे खूश, पालकांची कटकट नाही. दोन महिने झाले आणि मला चैन पडेना, कारण आजार काही गावातून पळून गेलेला नाही आणि 99 टक्के स्पेसिफिसिटीची टेस्ट असेल तर खोटे अलार्म शंभरात एक यायलाच हवेत. फोन करून विचारलं तर कळलं की ते सुकवलेल्या थेंबातली किंमत होल ब्लडच्या हिशोबात देतात, आधीची लॅब सीरमच्या हिशोबात द्यायची. दोन्हीत साधारण 2.2 पटीचा फरक. म्हणजे सीरमचा 20 म्हणजे त्यांच्याकडचा साधारण 9. आम्ही त्यांच्या आकड्याला 20 चा कटऑफ लावत होतो म्हणजे प्रत्यक्षात सीरमच्या 44 ला. दोन महिन्यांचे सगळे रिपोर्ट परत काढून 9 च्या वरची सगळी बाळं बोलावली. त्यात एक खरं निघालं, पाच आठवड्यांचं होतं. लगेच गोळी सुरू केली, आता बरं आहे, पण ते तीन आठवडे मी उगाच घालवले हे राहतंच. लॅबचा दोष म्हणावा तर रिपोर्टवर युनिट छापलेलं होतं, आम्ही वाचलं नाही. तेव्हापासून खोटे अलार्म अचानक कमी झाले की मी जास्त घाबरते, वाढले की कमी.

अजून एक, कटऑफ कितीही खाली आणला तरी काही केसेस सुटतातच. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथीच काम करत नसेल तर थायरॉइड कमी असूनही टीएसएच वाढतच नाही, त्या बाळाला टीएसएचची टेस्ट कधीच पकडणार नाही, तिथे टी4 बघायला लागतं. आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांमध्ये टीएसएच उशिरा चढतो, पहिल्या सॅम्पलला नॉर्मल आणि दोन-चार आठवड्यांनी वाढलेला, म्हणून एनआयसीयूतल्या बाळांचं सॅम्पल परत घ्यायचं. प्रश्नात 'केस सुटली' असं असेल आणि सोबत असं काही वर्णन असेल तर 'कटऑफ कमी करा' हे उत्तर चुकतं, तिथे टेस्ट बदलायची किंवा टेस्ट परत करायची.

आता स्पेसिफिसिटी कधी निवडायची हा तुझा मूळ प्रश्न राहिलाच. जेव्हा पॉझिटिव्ह म्हटल्याबरोबर काहीतरी मोठं, परत न फिरवता येणारं करायचं असतं तेव्हा. आमच्याच बाबतीत बघ, टाचेच्या थेंबावर आम्ही कोणाला 'तुमच्या बाळाला थायरॉइड आहे' असं सांगत नाही. शिरेतलं रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी4 करतो आणि मगच शिक्का मारतो. (टाचेचाच आकडा 40 च्या वर असेल तर शिरेतलं रक्त घेऊन रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करतो, थांबण्याचा तोटा जास्त.) या दुसऱ्या पायरीवर स्पेसिफिसिटीला महत्त्व, आणि तिथे ती परवडते कारण आता आपण 10,000 बाळांत नाही तर 110 बाळांत शोधतोय ज्यात 10 आजारी आहेत. समजा दुसरी टेस्टही 99 टक्के स्पेसिफिक आहे, तर 100 नॉर्मल बाळांपैकी एकच चुकून पॉझिटिव्ह येईल. 10 खरी, 1 खोटं, पीपीव्ही 91 टक्के. पहिल्या पायरीवर 9 टक्के होता तो. पहिली टेस्ट गर्दी कमी करून देते, दुसरी नाव घेते. फक्त एवढं लक्षात ठेव की पहिल्या पायरीला जे सुटलं ते दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाही, म्हणून अकराव्या बाळाला दुसऱ्या टेस्टचा काही उपयोग नाही, ती कितीही भारी असली तरी.

परीक्षेसाठी याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण एचआयव्हीचं आहे, नाकोच्या स्ट्रॅटेजी तुम्हाला मायक्रोबायोलॉजीत असतातच. रक्तपेढीत आलेली पिशवी, तिथे जास्त सेन्सिटिव्हिटीची एकच टेस्ट, रिअॅक्टिव्ह आली की पिशवी बाद. ती खोटी रिअॅक्टिव्ह असू शकते, असू दे, एक पिशवी गेली. पण लक्षणं नसलेला माणूस तपासायला आला आणि त्याला 'तुम्हाला एचआयव्ही आहे' असं सांगायचंय, तर वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन टेस्ट, पहिली सेन्सिटिव्ह आणि पुढच्या दोन स्पेसिफिक, तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच. विषाणू तोच, कदाचित पहिलं किटही तेच. खोट्या अलार्मने पहिल्या ठिकाणी पिशवी जाते, दुसऱ्या ठिकाणी माणसाचा संसार. प्रश्नात 'रक्तपेढी' लिहिलंय की 'निदान सांगायचंय' लिहिलंय यावर तुझं उत्तर फिरतं, आजाराच्या नावावर नाही.

तर प्रश्न वाचताना आधी ठरव की निवडायला सांगितलंय की ओळखायला. ओळखायला असेल तर 'पैकी' लावून छेद शोध, 'अलार्म' आणि 'सुटलेली केस' हे शब्द त्याआधी वाचूच नकोस. निवडायला असेल तर पॉझिटिव्ह म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होणार आणि निगेटिव्ह म्हटल्यावर काय होणार हे दोन वाक्यांत लिहून बघ, त्यातलं जे वाक्य वाचून जास्त धस्स होतं ती चूक टाळायची. आणि कटऑफ हलवल्याशिवाय चूक कमी होतेय का, म्हणजे सॅम्पलची वेळ, युनिट, टेस्ट परत करणं, हे एकदा बघ, एमसीक्यूच्या ऑप्शनमध्ये हल्ली हे पण टाकतात.

तुझ्या टेस्ट सिरीजच्या प्रश्नाचा शब्द एवढाच बदलते, तू सोडव: 'नॉर्मल बाळांपैकी दर शंभरात पाच बाळांना उगाच रिकॉल केलं जातं, सॅम्पल बहुतेक जन्मानंतर 24 तासांच्या आत घेतलेली आहेत.' आता लिही स्पेसिफिसिटी, ठोकून लिही, 95 टक्के आहे आणि ती का पडलीय हेही प्रश्नातच आहे. आणि कोणी त्याच प्रश्नात पुढे 'सेन्सिटिव्हिटी किती' असं विचारलं तर माहिती अपुरी आहे असं लिही. मी आमच्याकडे तो आकडा काढायला रिकॉलचं रजिस्टर बघत नाही, एक वर्षाच्या आतली जी मुलं ओपीडीत हायपोथायरॉइड म्हणून नव्याने सापडतात त्यांचे जन्माचे रिपोर्ट मागवते, आणि आईला विचारते की टाचेला टोचलं होतं का, कितव्या दिवशी.